शेवटचा डेल्टा आणि उघडं राहिलेलं मागचं दार: एका स्थलांतराचं प्रकरण

## पार्श्वभूमी

एका मोठ्या संस्थेची अर्ज आणि तक्रारी नोंदवायची प्रणाली होती. लोक वेबवरचा फॉर्म भरत किंवा ठरलेल्या पत्त्यावर ईमेल पाठवत. प्रत्येक अर्जाला एक क्रमांक मिळे आणि पोच म्हणून तो अर्जदाराला कळवला जाई. पुढची सगळी विचारपूस त्या क्रमांकावरच चाले. संस्थेचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. घटनाक्रम जसा घडला तसाच आहे.

जुनी प्रणाली मायएसक्यूएल ५.७ वर होती. त्या आवृत्तीचा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, त्यामुळे हलणं भागच होतं. अ‍ॅप्लिकेशन नव्यानं लिहून झालं होतं आणि ते पोस्टग्रेसवर चालणार होतं. हलवायचा माल दोन प्रकारचा होता. डेटाबेस साधारण ११० जीबी. त्यातलं सगळ्यात जाड टेबल म्हणजे इतिहासाचं, प्रत्येक अर्जावर कोणी काय केलं त्याची नोंद, ४ कोटींहून जास्त ओळी. आणि अर्जांसोबत जोडलेल्या फायली, ३१ लाख, सगळ्या मिळून १.२ टीबी. हे काम करणारे आम्ही चौघं.

## अडचण

डेटा एकदा नेऊन ठेवणं अवघड नव्हतं. अडचण अशी, की नेत असतानाही जुन्या प्रणालीत लिहिणं चालूच राहतं. सोमवारी घेतलेली प्रत मंगळवारी शिळी. त्यामुळे कधीतरी एका क्षणी जुन्या बाजूचं लिखाण पूर्ण थांबवायचं, आधीच्या प्रतीनंतर झालेला फरक, म्हणजे शेवटचा डेल्टा, उचलून न्यायचा, दोन्ही बाजू ताडून पाहायच्या आणि मग नवी बाजू उघडायची. ऐकायला सरळ वाटतं. आमचा जास्तीत जास्त वेळ मात्र पहिल्याच वाक्यानं खाल्ला: लिखाण थांबवायचं म्हणजे नेमकं कुणाकुणाचं?

आम्हाला शनिवारी रात्री १० ते रविवारी सकाळी ६ अशी वेळ मिळाली.

## कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे रात्री सगळं बंद करायचं, पूर्ण डेटाबेस उतरवायचा आणि नव्या बाजूला चढवायचा. चूक व्हायला जागा सगळ्यात कमी, कारण डेल्टा ही भानगडच नाही. करून पाहिलं तर एवढ्यालाच ११ तास लागले, फायली वेगळ्या. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय, बिनलॉग, म्हणजे मायएसक्यूएल प्रत्येक बदल टिपून ठेवतं ती नोंदवही, वाचून बदल सतत नव्या बाजूला ओतत राहणं. यात बंद ठेवायचा काळ काही मिनिटांवर येतो. पण मायएसक्यूएलकडून पोस्टग्रेसकडे जाताना प्रत्येक स्तंभाचा प्रकार वाटेत बदलावा लागतो, आणि तसलं साधन रात्री २ वाजता अडलं तर ते सोडवण्याचा अनुभव आमच्यापैकी कुणालाच नव्हता. आठ तासांची सवड हातात असताना नवं यंत्र शिकायला घेणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

तिसरा पर्याय घेतला. मूळ प्रत आठवडाभर आधी चढवायची, मग रोज रात्री १ वाजता त्या दिवसाचा डेल्टा न्यायचा. म्हणजे शेवटच्या रात्री उरतो तो एका दिवसाचा फरक, आमच्याकडे साधारण २० हजार ओळी. डेल्टा `updated_at` या स्तंभावरून काढायचा: मागच्या फेरीनंतर जे बदललं ते.

चौथी एक कल्पना मध्येच आली आणि गेली. फ्रीझच्या, म्हणजे लिखाण थांबवलेल्या काळात लोकांना जुनी प्रणाली निदान वाचायला उघडी ठेवावी. तालमीत कळलं की लॉगिन करताना प्रणाली `last_login` लिहिते, त्यामुळे डेटाबेस वाचनापुरता झाला की कुणाला आतच शिरता येत नाही. एका रात्रीसाठी ते दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. सरळ बंदची पाटी लावायचं ठरलं.

## `updated_at` वर किती विसंबायचं

तीन रंगीत तालमी केल्या. पहिल्या तालमीत नुसत्या डेटाबेसच्या डेल्टाला ३ तास ४० मिनिटं लागली. वीस हजार ओळींना इतका वेळ कसा? जवळजवळ सगळा वेळ इतिहासाच्या टेबलात जात होता. तिथे `updated_at` वर इंडेक्स नव्हता, म्हणून थोड्याशा ओळी शोधायला ४ कोटी ओळी चाळल्या जात होत्या. त्या टेबलात फक्त भर पडते, जुनी ओळ कधी बदलत नाही. मग तारखेऐवजी `id` वरून डेल्टा काढला आणि ते टेबल दोन मिनिटांत उरकलं.

वेळेचा प्रश्न असा सुटला, तरी ताळा जुळेना. अर्जांच्या टेबलात सात ओळी नव्या बाजूला जुन्याच अवस्थेत राहिलेल्या दिसल्या. यातून जे कळलं ते नीट सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी डेल्टा इथेच गळतो.

`updated_at` मध्ये पडते ती वेळ ओळ लिहिली तेव्हाची, व्यवहार कमिट झाला तेव्हाची नव्हे. समजा एक लांबलचक काम १२:५० ला ओळी बदलायला लागलं आणि १:०५ ला कमिट झालं. आमची फेरी १:०० वाजता वाचून गेली. तिला ते बदल दिसले नाहीत, कारण ते कमिट व्हायचे होते. दुसऱ्या रात्रीची फेरी १:०० नंतरचं मागते आणि या ओळींवर शिक्का १२:५० चा. दोन्ही फेऱ्यांच्या मधल्या फटीतून ओळ कायमची निसटली. त्यात भर म्हणजे आमचा एक अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर घड्याळात काही मिनिटं मागे होता, आणि `updated_at` तोच भरत होता.

उपाय साधा आहे. प्रत्येक फेरी मागच्या खुणेच्या थोडं आधीपासून सुरू करायची. आम्ही दोन तास मागे जायचं ठरवलं. आमचं सगळ्यात लांब काम वीस मिनिटांचं होतं, तेव्हा एवढं पुष्कळ झालं. त्याच ओळी पुन्हा आल्या तरी बिघडू नये म्हणून नव्या बाजूला `INSERT ... ON CONFLICT (id) DO UPDATE` वापरलं. इतिहासाच्या टेबलालाही हेच लागू: लहान `id` ची ओळ मोठ्या `id` च्या नंतर कमिट होऊ शकते, म्हणून तिथे शेवटच्या `id` पासून ५० हजार मागे जायचो.

खोडलेल्या ओळी मात्र कुठल्याच `updated_at` मध्ये दिसत नाहीत. ओळच नाही तर तिची तारीख कुठून येणार? त्यासाठी जुन्या बाजूला ट्रिगर लावले. ओळ खोडली गेली की तिचं टेबल आणि `id` एका वेगळ्या टेबलात नोंदवायचं आणि डेल्टाच्या शेवटी ती यादी नव्या बाजूला खोडायची. ही व्यवस्था आम्हाला अगदी पक्की वाटली होती. पुढे येतंच.

## दारं मोजली ती अशी

दुसऱ्या तालमीत एका रात्री ३ वाजता खऱ्या प्रणालीवर १५ मिनिटांचं फ्रीझ करून पाहिलं. बंदची पाटी लावली, वेबवरून काही येत नाही याची खात्री केली आणि डेटाबेसला विचारलं, बिनलॉग हलतोय का.

```
mysql> SHOW MASTER STATUS;
mysql-bin.000412 | 73918204

-- एका मिनिटानंतर पुन्हा
mysql-bin.000412 | 73926551
```

आकडा पुढे गेला, म्हणजे कुणीतरी लिहितंय. प्रणाली बंद आहे असं आम्ही चौघंही समजून बसलो होतो. `mysqlbinlog` ला `--base64-output=DECODE-ROWS -v` देऊन त्या दोन आकड्यांमधला भाग उलगडला, तर तीन जण सापडले. एक, दुसऱ्या यंत्रावर चालणारा मेल वर्कर, जो मेलबॉक्स उघडून आलेल्या ईमेलचे अर्ज बनवतो. दोन, मुदत संपत आलेल्या अर्जांना खूण करणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम. तीन, मदत कक्षातल्या कुणीतरी वर्षांपूर्वी लावून ठेवलेली एक स्क्रिप्ट, जिचा उल्लेख आमच्या कुठल्याही कागदात नव्हता. हा आकडा दोनदा पाहायला एक मिनिट लागतं, आणि बैठकीतल्या यादीपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

यावरून पहिला विचार आला की दारं शोधत बसण्यापेक्षा डेटाबेसलाच कुलूप घालावं. मायएसक्यूएलमध्ये `read_only` आहे, पण SUPER अधिकाराच्या खात्यांना ते अडवत नाही, आणि मदत कक्षाची ती स्क्रिप्ट नेमकी तशाच खात्यानं चालत होती. ५.७ मध्ये `super_read_only` आहे. ते सगळ्यांना अडवतं आणि चालू केलं की `read_only` आपोआप चालू होतं.

आमच्यातल्या एकानं मात्र मेल वर्करचा कोड उघडला आणि इथे नियोजनाची दिशा बदलली. तो वर्कर मेल उतरवतो, मेलबॉक्समधून पुसतो आणि मग डेटाबेसात अर्ज लिहितो. या क्रमानं. म्हणजे डेटाबेसला आधी कुलूप घातलं, तर वर्कर मेल उतरवणार, पुसणार, लिहायला जाणार आणि नापास होणार. मेल कुठेच उरणार नाही. कुलपानं डेटाबेस सुरक्षित राहिला असता आणि लोकांचे अर्ज गेले असते.

म्हणून बाहेरून आत असा क्रम ठरला. आधी फॉर्म बंद. मग मेल वर्कर आणि क्रॉन थांबवायचे. नवे मेल मेलबॉक्समध्ये पडून राहू देत, तिथे ते सुखरूप असतात. मग आत आधीच शिरलेली कामं, म्हणजे क्यूमधले जॉब, संपेपर्यंत थांबायचं. सगळं शांत झाल्यावर शेवटी कुलूप, आणि कुलपानंतर बिनलॉगचा आकडा दोनदा.

## फायलींचं काय

फायलींसाठी `rsync` वापरायचं हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. तालमीत मात्र एक गोष्ट बोचली. काहीही बदललेलं नसताना एक फेरी ४७ मिनिटं घेई. `rsync` प्रत्येक फायलीचा आकार आणि बदलाची वेळ दोन्हीकडे पाहतो, म्हणून वेळ बदललेल्या फायलींवर कमी आणि फायलींच्या एकूण संख्येवर जास्त ठरतो. आमच्या फायली वर्ष/महिना अशा फोल्डरांत होत्या आणि एकदा लिहिली की फाइल बदलत नव्हती. तेव्हा जुने महिने शुक्रवारीच पूर्ण तपासून मोकळे झालो आणि शनिवारच्या रात्रीसाठी फक्त चालू आणि मागचा महिना ठेवला. फेरी १८ मिनिटांवर आली.

`--delete` वापरायचं नाही हेही ठरवलं. नव्या बाजूला चार फायली जास्त राहिल्या तर बिघडत नाही. अपरात्री दमलेल्या हातानं कुठून-कुठे ही जागा उलटी टाइप झाली तर मात्र मूळ माल जाईल.

## मागे फिरायची वेळ

रात्रीचं वेळापत्रक आम्ही शेवटाकडून मांडलं. सकाळी ६ ला काहीतरी चालू असायलाच हवं, नवं नाही तर जुनं. जुनं पुन्हा उभं करायला, म्हणजे कुलूप काढणं, वर्कर चालू करणं, पाटी उतरवणं आणि तपासणं, तालमीत ३५ मिनिटं लागली होती. थोडी सवड धरून ठरवलं, की ४:३० पर्यंत ताळा जुळला नाही तर चर्चा न करता मागे फिरायचं. तो निर्णय चौघांपैकी जी व्यक्ती त्या रात्री हातानं काहीच चालवत नव्हती तिच्याकडे दिला. कामात बुडालेल्याला आणखी दहाच मिनिटं हवी असतात, दर दहा मिनिटांनी.

मागे फिरणं सोपं असतं ते नव्या बाजूला पहिली खरी नोंद होईपर्यंतच. त्यानंतर परत जायचं तर ती नोंद जुन्यात कशी न्यायची हा नवा प्रश्न. म्हणून नवी बाजू उघडण्याआधीची सगळी तपासणी केवळ वाचून करायची असं ठरवलं.

## ती रात्र

१० वाजता फॉर्म बंद झाला. १०:०२ ला मेल वर्कर आणि क्रॉन थांबवले, मदत कक्षाची स्क्रिप्टही. क्यूमध्ये ६४० जॉब होते. १०:२० ला १४ उरले आणि तिथेच अडकले. ते पोचपावत्या पाठवणारे जॉब होते. बाहेरची संदेश-सेवा उत्तर देत नव्हती, म्हणून ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते, आणि संदेश गेल्यावर प्रत्येक जॉब डेटाबेसात तशी नोंद करतो.

योजनेत लिहिलं होतं, क्यूसाठी जास्तीत जास्त २० मिनिटं थांबायचं. थांबत राहिलो असतो तर ती सेवा कधी उठेल याच्या हातात आमची रात्र गेली असती. तसंच कुलूप घातलं असतं तर पाच प्रयत्नांनंतर ते जॉब फेकले गेले असते. क्यूचे वर्कर थांबवले, ते १४ जॉब एका फायलीत उतरवून ठेवले आणि नव्या बाजूला नंतर चालवले. एखाद्याला पोच दोनदा गेली असेल, तेवढं आम्ही चालवून घेतलं.

१०:२६ ला कुलूप.

```
SET GLOBAL super_read_only = ON;
```

बिनलॉगचा आकडा दोनदा पाहिला, हलला नाही. १०:३० ला शेवटचा डेल्टा सुरू केला, फायलींची फेरी समांतर. फायली १८ मिनिटांत आल्या, डेटाबेस ४१ मिनिटांत. ११:११ ला ताळा सुरू.

ताळ्यासाठी नुसती ओळींची संख्या पुरत नाही. पाच ओळी यायच्या राहिल्या आणि खोडलेल्या पाच तशाच राहिल्या तर संख्या बरोबर जुळते. आम्ही प्रत्येक टेबलाची संख्या, `id` ची बेरीज आणि सर्वात अलीकडचं `updated_at` पाहायचो. अर्ज, अर्जदार आणि निर्णय या तीन टेबलांची प्रत्येक ओळ हॅश करून ताडायचो. दोन डेटाबेस तारखा आणि दशांश वेगवेगळ्या पद्धतीनं छापतात, म्हणून हॅशच्या आधी सगळं एका साच्यात आणणारी छोटी स्क्रिप्ट होती.

अर्ज जुळले. अर्जदार जुळले. जोडपत्रांच्या टेबलात नव्या बाजूला ३७ ओळी जास्त.

तिथे दोन मतं पडली. एक मत, ३७ ओळी जास्तच आहेत, कमी नाहीत. उघडू या, उद्या पाहू. दुसरं मत, संख्या लहान आहे म्हणून कारणही लहान असेल असं नाही. घड्याळात साडेअकरा होते, मागे फिरायच्या वेळेला पाच तास बाकी. शोधायचं ठरलं.

जास्तीच्या ३७ ओळींचे `id` काढले. त्या सगळ्या अर्धवट सोडलेल्या मसुदा-अर्जांच्या होत्या. तिथून उलगडा झाला. दर शनिवारी पहाटे २ वाजता जुने मसुदे खोडणारं एक काम चालतं. मसुदा खोडला की त्याची जोडपत्रं फॉरेन कीच्या `ON DELETE CASCADE` नं आपोआप जातात, आणि मायएसक्यूएल ५.७ मध्ये अशा कॅस्केडनं खोडलेल्या ओळींवर ट्रिगर चालत नाही. मसुद्यांची नोंद आमच्या खोडयादीत पडली होती, जोडपत्रांची नाही. नव्या बाजूला डेल्टा सोपा जावा म्हणून फॉरेन की अजून लावल्याच नव्हत्या, त्यामुळे मसुदे गेले आणि त्यांची जोडपत्रं निराधार मागे राहिली.

तालमीत हे का दिसलं नाही? प्रत्येक तालमीत मूळ प्रत सोमवारी घेतली आणि ताळा बुधवारी केला. मधे शनिवार आलाच नाही.

आम्ही त्याच ३७ ओळी खोडल्या, पण तेवढ्यावर थांबलो नाही. कॅस्केड असलेली आणखी चार टेबलं होती, त्यांचे सगळे `id` दोन्हीकडून काढून एकमेकांशी लावले. फरक नव्हता. यात २८ मिनिटं गेली. मग फॉरेन की लावल्या, त्या बिनतक्रार लागल्या, हाही एक ताळाच. शेवटी क्रमांकांचे सिक्वेन्स. ओळी तयार `id` घेऊन आल्या की पोस्टग्रेसचा सिक्वेन्स पुढे सरकत नाही, त्याला हातानं सांगावं लागतं, नाहीतर पहिलाच नवा अर्ज आधीच असलेला क्रमांक मागतो आणि नापास होतो.

```
SELECT setval(pg_get_serial_sequence('applications','id'),
              (SELECT max(id) FROM applications));
```

१२:५५ ला नवी बाजू उघडली. नवा मेल वर्कर चालू केला, त्यानं तीन तास साठलेले मेल घेतले. वेबपत्त्याचा टीटीएल, म्हणजे बाहेरची यंत्रं तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, आठवडाभर आधीच एका दिवसावरून पाच मिनिटांवर आणला होता, त्यामुळे जुन्या पत्त्यावर येणारे तासाभरात थांबले. सव्वा दोनला आम्ही घरी गेलो.

## दहा दिवसांनी

जुनी यंत्रं महिनाभर तशीच ठेवायची ठरली होती, काही पाहावं लागलं तर असू देत म्हणून. दहाव्या दिवशी दुपारी मदत कक्षातून फोन आला. एक अर्जदार म्हणत होते, मला आज सकाळी पोच आली, पण या क्रमांकावर भलत्याच माणसाचा अर्ज दिसतो.

आधी वाटलं वाचण्यात चूक असेल. मग तसाच दुसरा फोन आला. पोचेचा मेल कुठून निघाला ते शीर्षात पाहिलं, तर तो जुन्या यंत्रावरून निघाला होता.

घडलं होतं असं. त्या सकाळी यंत्रं सांभाळणाऱ्या विभागानं ठरलेले पॅच लावून सगळी यंत्रं रिबूट केली, त्यात आमची जुनीही. `SET GLOBAL` नं लावलेलं कुलूप फक्त चालू प्रक्रियेपुरतं असतं. ५.७ मध्ये ते टिकवायचं तर `my.cnf` मध्ये लिहावं लागतं, आणि ते आम्ही लिहिलं नव्हतं. डेटाबेस उठला तो लिहिता होऊनच. मेल वर्कर आम्ही `systemctl stop` नं थांबवला होता. `disable` केला नव्हता, त्यामुळे बूटबरोबर तोही उठला. मेलबॉक्स एकच, त्यावर आता जुना आणि नवा असे दोन वर्कर, ज्याचा हात आधी पडेल त्याला मेल मिळेल. पाच तासांत जुन्यानं ४१ मेल उचलले, पुसले आणि जुन्या डेटाबेसात लिहिले. शिवाय प्रत्येकाला पोच पाठवली.

क्रमांक का धडकले तेही साधं आहे. नव्या बाजूचा सिक्वेन्स आम्ही जुन्याच्या शेवटच्या क्रमांकावर ठेवला होता, म्हणजे पुढचे क्रमांक दोन्ही बाजू अगदी तेच देणार. जुन्यानं त्या सकाळी वाटलेले ४१ क्रमांक नव्या प्रणालीत पहिल्याच दिवशी इतरांना देऊन झाले होते.

जुना वर्कर बंद केला, डेटाबेसला कुलूप घातलं. जुन्या डेटाबेसात कटओव्हरच्या, म्हणजे नव्या बाजूवर गेलो त्या वेळेनंतरच्या ओळी मागितल्या, त्या बरोबर ४१ निघाल्या, जोडपत्रं जुन्या डिस्कवर होती. सगळे अर्ज हातानं नव्या प्रणालीत नव्या क्रमांकानं घातले आणि ४१ जणांना चूक सांगणारं पत्र गेलं. एकही अर्ज हरवला नाही. मात्र काही तास काही लोकांना दुसऱ्याच्या अर्जाची स्थिती दिसली, आणि ते परत घेता येत नाही.

## वेगळं काय केलं असतं

फ्रीझकडे आम्ही त्या रात्रीची गोष्ट म्हणून पाहिलं. तालमीत प्रत्येक दार बंद होतं का ते तपासलं, रिबूटनंतर बंद राहतं का हे एकदाही नाही. आज योजना लिहिली तर `super_read_only` त्याच रात्री `my.cnf` मध्येही जाईल आणि वर्करना `systemctl mask` लागेल, म्हणजे चुकूनही ते उठणार नाहीत. मेलबॉक्सचा पासवर्ड बदलून नवा फक्त नव्या वर्करला देणं तर दोन मिनिटांचं काम होतं. ते केलं असतं तर बाकी सगळं विसरूनही जुना वर्कर दारातच अडला असता.

सिक्वेन्स मी आता `max(id)` वर ठेवत नाही, दहा हजार पुढे ठेवतो. मधले क्रमांक कधीच वापरात येत नाहीत, त्यामुळे जुनी बाजू चुकून जागी झाली तर तिनं दिलेला क्रमांक पाहताक्षणी ओळखू येतो आणि कुणाच्या अर्जावर जाऊन बसत नाही.

कॅस्केडच्या बाबतीत, ट्रिगर लावण्याआधी एकदा `information_schema` ला विचारायला हवं होतं की कुठल्या फॉरेन कीवर `DELETE_RULE` चं मूल्य `CASCADE` आहे. पाच टेबलं निघाली असती. आणि एक तालीम तरी पूर्ण आठवडाभराच्या डेल्टाची असायला हवी होती, आठवड्यातून एकदाच चालणारी कामं तिच्यात यावीत म्हणून.

जुनी यंत्रं किती दिवस ठेवायची यावर आमचं अजून एकमत नाही. दोघांचं म्हणणं, तिसऱ्या दिवशी बंदच करा, हवं तर डिस्कची प्रत ठेवा. उरलेल्या दोघांचं म्हणणं, त्या ४१ अर्जांची जोडपत्रं जुन्या डिस्कवर होती म्हणून तर मिळाली. त्यावर पहिले दोघं म्हणतात, यंत्र बंद असतं तर ते मेल तिथे गेलेच नसते. मी पहिल्या दोघांत आहे.